पाटीतली अठरा करवंदं

पगाराच्या दिवशी सोपान लोणावळ्याच्या बाजारात हनुमंतच्या दुकानात शिरला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गव्हाच्या पोत्यावर त्याचीच बायको बसली होती. पायाशी करवंदांची पाटी, मांडीवर चुरगळलेल्या नोटा, आणि हनुमंत वहीत आकडा टाकत होता.

"अवो, तुमी हितं?" कस्तुराबाई दचकून उठली.

हे दुकान म्हणजे नुसतं वाणसामान नव्हे. हनुमंत लोकांच्या ठेवी घ्यायचा, त्यांना महिन्याला शेकडा एक रुपया द्यायचा. तेच पैसे दुसऱ्याला शेकडा तीनने फिरवायचा. त्याची ख्याती एकाच गोष्टीची, याचं त्याला कधी सांगत नसे. नवऱ्याचं बायकोलाही नाही. या गुणाचं अख्खा बाजार कौतुक करत होता. त्या कौतुकाचा पुरता अर्थ सोपानला आज कळायचा होता.

"चिंगीच्या लग्नाचं साठिवते," कस्तुराबाई खालमानेनं म्हणाली. "सहाशे साठ झाल्यात. तुमाला सांगितलं असतं तर तुमच्या भावानं नेलं असतं."

सोपाननं वहीतल्या आकड्याकडं बघितलं. दोन वर्षांपूर्वी त्यानं याच दुकानातून सहाशे नेले होते. चिक्कीच्या कारखान्यात दिवसभर गुळाच्या कढईपुढं भाजून निघायचं आणि पगाराला अठरा रुपये इथं मोजायचे. मुद्दल जागचं हललं नव्हतं. घरी थाप मारली होती, मालक फंडात कापतो म्हणून.

त्यानं ते सगळं तसंच सांगून टाकलं. लपवायला आता उरलं होतं काय?

"मंजी फंड न्हाई?" तिनं मान वर केली. "मी त्या फंडावर चिंगीचं मंगळसूत्र धरलं हुतं!"

"फंड न्हाई."

"हनुमंतभाऊ, मंग माजं पैसं हेंनाच दिलं व्हय?"

हनुमंतनं पेन्सिल कानावर ठेवली. "पैशाला का नाव असतंय, बाई? गल्ल्यात आलं, गल्ल्यातनं गेलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळशाचं भाडं भरत वळसा घालणारं हे एकच जोडपं असावं. सोपानला स्वतःचाच संताप आला. तरी तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. कर्जाचं मी बघतो. ठेव मोडायची न्हाई. पोरीच्या नावानं बाजूला काढलेलं मोडलं तर अपशकुन."

कस्तुराबाईला अक्षर येत नव्हतं, पण करवंदांच्या द्रोणांनी तिला हिशेब शिकवला होता. तिनं पाटीतली अठरा करवंदं पोत्यावर मांडली. "ह्ये महिन्याला तुमचं जातंय." त्यातली सहा उचलून पदरात टाकली. "सहाशेला ह्ये मला मिळतंय. ह्यी बारा कोन खातंय?"

हनुमंत काटा पुसू लागला.

"चिंगीचं लगीन दोन वर्सांनी," ती म्हणाली. "भाऊ, सांगा. ठेव ऱ्हायली तर?"

हनुमंतचा पुढचा सगळा धंदा त्या उत्तरात बुडत होता, पण हिशेबात तो खोटा नव्हता. "सहाशेला व्याज एकशे चव्वेचाळीस. सातशे चव्वेचाळीस हातात येतील. त्यातनं ह्याचं सहाशे मुद्दल फेडायचं, ऱ्हायलं एकशे चव्वेचाळीस."

"आन् आज फेडलं तर?"

"ठेवीतलं साठ उरलं. अठरा रुपयं दरमहा घरात टाकलं, तर दोन वर्सांत चारशे बत्तीस."

"हिकडं एकशे चव्वेचाळीस, तिकडं चारशे बत्तीस." ती सोपानकडं वळली. "आता सांगा, अपशकुन कशात हाय?"

सोपाननं बोटांवर महिने मोजले. आजवर भरलेलं व्याजही चारशे बत्तीसच होतं. जवळजवळ मंगळसूत्रच त्यानं महिन्या महिन्यानं या गल्ल्यात टाकलं होतं.

"फेडा," तो म्हणाला. "साठ तेवढं आजारपनाला ऱ्हाऊ द्या. आन् हे आजचं अठरा घ्या, सरत्या महिन्याचं."

हनुमंतनं वही उघडली. डाव्या पानावर कस्तुराबाई, उजव्या पानावर सोपान. दोन्हीकडं सहाशेवर रेघ मारली. त्या सहाशेतली एक नोटही इकडची तिकडं झाली नाही, आणि कर्ज फिटलं.

कस्तुराबाई त्या दोन रेघांकडं बघत राहिली. मग एकदम विचारलं, "येवढं सहाशे नेलं कशाला हुतं?"

सोपाननं मान फिरवली. "तुज्या पोटाच्या आपरेशनला."

"ते तर मालकानं दिलं हुतं!"

"मीच तसं सांगितलं."

ती पोत्यावर परत बसली. त्या वेळीही तिचे साडेचारशे याच गल्ल्यात पडून होते.

"मला का न्हाई इचारलं?"

"इचारलं असतं तर दिलं असतंस?"

कस्तुराबाईनं पोटावरच्या टाक्यांच्या व्रणावर लुगड्यावरूनच हात ठेवला.

"न्हाई वो," ती म्हणाली. "मेले असते, पर चिंगीच्या पैशाला हात लावू दिला नसता."