दोन फेऱ्यांची शर्यत

शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारायचं काम बाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत. क्रीडाशिक्षिका म्हणून हयात या मैदानावर गेलेली, त्यामुळे आपल्या रेषेत कुणी खोट काढावी हे त्यांना खपायचं नाही. म्हणून चारशे मीटरची अंतिम शर्यत संपल्यावर चौथ्या लेनमधली ती हडकुळी मुलगी, जिला सगळे काडी म्हणत, धापा टाकत समोर येऊन "बाई, मी जास्त पळले," असं म्हणाली, तेव्हा बाईंचा पारा चढला.

"जास्त पळलीस? मग तुला पुढे काय शोभेला उभं केलं होतं?" बाई चारचौघांत कडाडल्या. "पहिल्या फेरीत उधळायचं, दुसऱ्या फेरीत दम संपला की रेषेवर खापर फोडायचं! हरायलाही शिकावं लागतं."

मुली फिदीफिदी हसल्या. काडीनं मान खाली घातली. पहिली आली होती बाईंची भाची, तीही काडीच्या अवघी दोन पावलं पुढे, आणि पुढच्या मोठ्या स्पर्धेला फक्त पहिली येणारीच जाणार होती. भाचीला पहिली लेन चिठ्ठ्या टाकून मिळाली होती, त्यामुळे बाईंचं मन अगदी स्वच्छ होतं.

काडीचे वडील शिंपी होते, दुकान बंद करून आले होते. ते हात जोडूनच पुढे आले. "बाई, पोरीचं सोडा. पण मला जरा समजावून सांगा. तिला पुढे का उभं करतात?"

इतक्या अदबीनं विचारल्यावर बाई विरघळल्या. फक्कीची चिमूट घेऊन त्यांनी मातीतच मैदान काढलं. "हे बघा, दोन सरळ बाजू पन्नास-पन्नास मीटरच्या. दोन टोकांना दोन अर्धवर्तुळं, दोन्ही मिळून शंभर. झाली दोनशेची एक फेरी. सरळ बाजूंना आत पळा नाहीतर बाहेर पळा, अंतर तेवढंच. फरक पडतो तो वळणावर. दोन अर्धवर्तुळं जोडली की एक पूर्ण वर्तुळ होतं, आणि बाहेरच्या मुलीचं वर्तुळ मोठं."

"कापडाच्या घेरासारखं," शिंपी म्हणाले.

"अगदी तसंच. लेन एक मीटर रुंद. एकेक लेन बाहेर गेलं की वर्तुळ सव्वासहा मीटरांहून थोडं जास्त वाढतं. चौथी लेन तीन मीटर बाहेर, म्हणजे जवळजवळ एकोणीस मीटर. तेवढंच तिला पुढे उभं केलं. एका फेरीला एकोणीस..."

बाईंची जीभ तिथेच अडखळली. एका फेरीला. पण मुली तर दोन फेऱ्या पळाल्या होत्या.

दरवर्षी ही शर्यत एकाच रेषेवरून सुटायची आणि मुली लगेच आतल्या लेनमध्ये घुसायच्या. गेल्या वर्षी त्या धक्काबुक्कीत एकीचा हात मोडला, म्हणून यंदा दोन्ही फेऱ्या आपापल्या लेनमध्येच पळायच्या असं बाईंनीच ठरवलं होतं. आणि सुरुवातीच्या खुणा मात्र एका फेरीच्या शर्यतीसाठी जमिनीत ठोकलेल्या खिळ्यांवरूनच घेतल्या होत्या. दुसऱ्या फेरीचे एकोणीस मीटर काडी फुकट पळाली होती, आणि तरीही हरली ती दोन पावलांनी! भर उन्हात त्यांना कुठेतरी तोंड लपवावंसं वाटू लागलं.

शिंप्यांना त्यांची शांतता वेगळीच कळली. "समजलं मला," ते म्हणाले आणि त्यांनी लेकीला पुढे केलं. "बघ, बाईंनी किती बारीक हिशेब केलाय. माफी माग त्यांची."

"चुकलं माझं, बाई," काडी म्हणाली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षणभर, खोटं कशाला बोला, त्यांच्या मनात आलंच की गप्प राहिलं तर कुणाला कळणार आहे? भाची तिकडे मैत्रिणींच्या खांद्यावर बसली होती. त्या विचाराचीच मग त्यांना जास्त लाज वाटली.

"तुझं नाही, माझं चुकलं," त्या कशाबशा म्हणाल्या आणि तडक प्रमुख पंचांकडे गेल्या. पंचांनी कपाळाला हात लावला. निकाल रद्द करून तासाभरानं शर्यत पुन्हा घ्यायचं ठरलं. बाईंनी स्वतः ध्वनिवर्धकावरून चूक सांगितली. भाची खांद्यावरून उतरली.

"आत्या, मग मी जिंकलेच नव्हते?" तिनं विचारलं. "नाही," बाई म्हणाल्या आणि टेप आणायला वळल्या.

त्यांनी टेप धरून खुणा नव्यानं मोजल्या, चौथ्या लेनला जवळजवळ अडतीस मीटर. दोनदा मोजल्या. रेषा मारून वर बघतात तो काडी शेजारी उभी.

"बाई, या वेळी मी पहिल्या लेनमधून पळू?"

आता सगळ्या लेन सारख्याच आहेत गं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते तिला सांगायचं तोंड त्यांना उरलं नव्हतं.

"पळ," त्या म्हणाल्या, आणि भाचीला बोलावून त्यांनी चौथ्या लेनमध्ये उभं केलं.