बाहुलीला भरवलेला घास

पाच वर्षांची ती मुलगी शाळेत तोंडच उघडत नसे, म्हणून तिला सांभाळणारी आत्या तिला खेळातून उपचार करणाऱ्या ताईंकडे आणत होती. पाचव्या भेटीत मुलीनं बाहुलीला खुर्चीत बसवलं आणि ओली माती चमच्यानं तिच्या तोंडात कोंबली. मग बाहुली उलटी करून माती ताटलीत पाडली आणि तीच पुन्हा भरवली.

"गिळ! कणभरही राहता कामा नये," ती दातओठ खात म्हणाली.

खोदून न विचारता ताई एवढंच म्हणाल्या, "बाहुलीला नकोय, तरी खावं लागतंय."

"तिला घाण वाटते." मुलीनं चमचा भिरकावला.

नुसत्या खेळावरून निष्कर्ष काढायचा नसतो. ताईंनी तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, तिला सहकारी बाईंजवळ बसवलं आणि बाहेर येऊन आत्याला विचारलं, "घरी जेवण कसं चालतं?"

"नखरे फार हो! मुद्दाम ओकते. मग ओकलेलंच खायला लावते मी. आता बघा, कशी मुकाट जेवते!" आत्या कौतुकानं हसली.

त्या हसण्याची ताईंना किळस आली.

"बालसंरक्षण अधिकाऱ्यांना मी आत्ता फोन करतेय. त्या येईपर्यंत मुलगी इथंच राहील."

"अहो, शिस्त लावली तर एवढा बाऊ?"

ताईंनी फोन लावला. दुपारी अधिकारी बाई आल्या, चौकशी झाली आणि मुलगी आत्याकडे न जाता तिच्या मावशीच्या घरी राहायला गेली. आत्याला मात्र शेवटपर्यंत आपलं काय चुकलं ते कळलं नाही.