सरळ रेषा

अमृतने आमच्या पॉलिटेक्निकला एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरची नवी किटं विकली होती आणि आज तो ती दाखवायला जुन्नरहून लॅबमध्ये आला होता. ऑसिलोस्कोपच्या स्क्रीनवर व्होल्टेजची रेषा अगदी सरळ होती.

"बघा मॅडम, रिपलचा चढउतार नावालाबी न्हाई."

"लोड कुठे जोडलाय? नुसत्या भरून बसलेल्या कपॅसिटरचं कौतुक मला सांगू नकोस."

मी लोड म्हणून रिओस्टॅट, म्हणजे कमीजास्त करता येणारा रोध, जोडला. रेषेला करवतीसारखे दाते आले. करंट वाढवत गेले तसे दाते मोठे होत गेले, कारण दोन शिखरांच्या मधल्या वेळात कपॅसिटर आणखी खाली उतरत होता. मी किटचं झाकण उघडलं. वर हजार मायक्रोफॅरड छापलं होतं, आत शंभरचा कपॅसिटर होता.

"एवढा करंट घेतंय कोण, मॅडम?" त्याने मलाच सुनावलं.

तेवढ्यात प्राचार्य आले. "उगाच ताणू नका. किट चालू होतंय ना? मग पसंतीची सही करा."

मी सही केली. वर ठळक लिहिलं, 'किट उत्तम आहे. फक्त त्यावर प्रयोग करू नये.'

मग पेन त्यांच्यापुढे धरलं. "आता तुमची सही, सर."