तिसरा टीझर

सिनेमांच्या प्रसिद्धीचं काम करणाऱ्या त्या बाईला धंद्यातले सगळे 'सबुरी' म्हणायचे. निर्माता कितीही उतावीळ झाला तरी तिचं उत्तर ठरलेलं असे, जरा सबुरी धरा. सगळं एकदम दाखवलं की लोक बघतात आणि विसरतात, थोडंसं दाखवून हात आखडता घेतला की विचारत राहतात, एवढ्या एका गोष्टीवर तिचं घर चालत होतं.

या वेळचा सिनेमा आपल्याच भाषेतला होता, लहानसा, नवख्या नटांचा. त्यात भर म्हणजे ज्या शुक्रवारी तो लागणार होता त्याच शुक्रवारी एक मोठा परभाषेतला सिनेमा येणार होता. थिएटरवाल्यांनी अजून खेळांच्या वेळा दिल्या नव्हत्या. आधी किती बोलबाला होतो ते बघू, मग ठरवू, असं म्हणून त्यांनी निर्मात्याला टांगून ठेवलं होतं. निर्मात्याला सगळे काका म्हणत. काकांचा रक्तदाब त्या वेळांवर टांगलेला होता.

हातात हुकमाचं पान एकच होतं, सिनेमातलं गाणं. सबुरीनं सगळी आखणी त्याच्याभोवती केली. पहिल्या टीझरमध्ये काळा पडदा आणि नुसतं गुणगुणणं. नाव नाही, तारीख नाही, आणि सूर मधेच तोडलेला. लोकांनी आपापले तर्क लढवायला सुरुवात केली. दुसऱ्यात तीच धून, शब्दांसकट एक ओळ, नायिकेची पाठ आणि सिनेमाचं नाव. पण अंतरा झाकलेलाच ठेवला. तो पूर्ण गाण्याबरोबर प्रदर्शनाच्या दिवशीच बाहेर पडायचा होता. तिसऱ्यात संगीतकार स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून सांगणार होता की ही चाल कशी जन्मली. ते चित्रीकरण होऊन, कापून, तयार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोनवर आणि रेडिओवर एकदमच लागणार होतं.

आदल्या दुपारी सबुरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. दुसऱ्या टीझरखाली लोक काय लिहितायत ते बघताना तिनं तो पुन्हा एकदा लावला. पलीकडे तिची सासू धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. सासूसुनेचं बरं चाललं होतं, मुख्य म्हणजे दोघी एकमेकींच्या वाटेला जात नसत. आईंनी उभा जन्म मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढला होता आणि आता त्यांना घरातली शांतता प्रिय होती.

टीझर नेहमीच्या जागी तुटला. आईंचं गुणगुणणं मात्र तुटलं नाही. घडी घालता घालता त्या सहज पुढे गेल्या, थेट अंतऱ्यात.

स्टुडिओतली मोजकी माणसं सोडली तर तो अंतरा कुणी ऐकलेला नव्हता. सबुरीच्या मनात पहिला विचार आला, गाणं फुटलं. दुसरा त्याहून वाईट होता, आपल्याच घरातून फुटलं. पण घरी ती हे गाणं कायम कानात इअरफोनची बोंडं घालूनच ऐकायची.

"आई, हे कुठे ऐकलंत तुम्ही?"

"ऐकायचं कुठे?" आईंनी चादरीची टोकं जुळवली. "माझंच आहे ते. ड्रेसिंग करताना म्हणायचे. पोरं रडायची ना फार."

त्यांनी हे भाजी महागली म्हणावं तितक्या सहज सांगितलं. दोन दिवस तो टीझर कानावर पडत होता, पण त्यांना वाटत होतं की असेल एखादं मिळतंजुळतं गाणं, कशाला विषय काढायचा. सबुरीनं त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मग तिनं कानात बोंडं घालून मूळ गाणं ताडून पाहिलं. एका ठिकाणी आई जरा रेंगाळल्या, तेवढं सोडलं तर सूर न् सूर तोच होता.

संगीतकार किंचित लंगडत चालायचा. लहानपणी बरेच महिने दवाखान्यात पडून होतो, असं तो तिसऱ्या टीझरच्या चित्रीकरणाच्या वेळी बोलता बोलता म्हणाला होता. त्यानंतर कॅमेऱ्यात बघून तो जे बोलला ते तिला शब्दशः आठवत होतं, कारण कापताना तिनं तेच वाक्य शेवटी ठेवलं होतं. "ही चाल मला कुणी दिली नाही, कुणी शिकवली नाही. ती माझ्या आतून आली."

तिनं काकांना फोन लावला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग आवाज न चढवता बोलले. त्यामुळे ते जास्तच लागलं. आज तुझी सासू म्हणतेय, उद्या आणखी कुणी म्हणेल. गाणं तुझ्याकडे आधीपासून आहे, तेव्हा ते तुझ्या घरातूनच फुटलं असं जग म्हणेल आणि तुला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. शिवाय प्रदर्शन तोंडावर असताना कुणी कोर्टात गेलं तर सिनेमाच अडकेल. तू गप्प राहा आणि उद्याचं उद्या लागू दे.

त्यात चुकीचं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. आता थांबलं तर फक्त आखणी बिघडणार होती. पण ते वाक्य एकदा हजारो फोनवर गेलं की परत घेता येणार नव्हतं, आणि मग संगीतकाराला ते खरं म्हणून धरूनच ठेवावं लागलं असतं. पुढे काही उघड झालं तर त्याला चोर ठरवायला तेवढं एक वाक्य पुरलं असतं.

तिनं फोनवरचा ठरवलेला टीझर रद्द केला. रेडिओवर बदल कळवायची मुदत संध्याकाळपर्यंत होती, म्हणून तिथे दुसऱ्या क्रमांकाचा टीझरच पुन्हा लावा असं लिहून पाठवलं. कुणाला न विचारता असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

आई यायला तयार होईनात. मला काही नको, त्या पोराचं नाव कशाला खराब करतेस, म्हणाल्या.

"त्याचं नाव वाचावं म्हणूनच चला," सबुरी म्हणाली. तेव्हा कुठे त्यांनी चप्पल घातली.

स्टुडिओत दिवे मंद होते आणि भिंतींना लावलेल्या जाड फोममुळे प्रत्येक शब्द दाबल्यासारखा वाटत होता. टीझर थांबवल्याचं काकांच्या कानावर गेलं होतं, तेही त्यांच्या पाठोपाठ येऊन उभे राहिले. सबुरीनं सगळं सांगितलं तसा संगीतकार ऐकता ऐकता पांढरा पडला, मग लाल झाला. हे गाणं त्याचं पहिलं मोठं काम होतं. त्यानं आईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही घरी गाणं वाजवलंत, ह्यांनी ते ऐकलं आणि आता हे नाटक," तो सबुरीला म्हणाला. "ह्यांना अंतरा येतो म्हणजे काय सिद्ध झालं? तुमच्याकडे होताच तो."

काकांनी 'मी काय सांगत होतो' अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं. आईंनी पिशवी उचलली आणि त्या दाराकडे वळल्या. मग दाराशीच थांबून, काहीशा ओशाळल्यासारख्या बोलल्या, "तुम्ही छानच केलंय हो. फक्त ती थांबायची जागा काढून टाकलीत. त्याशिवाय ते मला अर्धंच वाटतं."

"कुठली जागा?" त्यानं विचारलं, पण आवाजातला जोर गेला होता.

आईंनी म्हणून दाखवलं. ओळ संपता संपता सूर वर चढला, प्रश्न विचारल्यासारखा, आणि तिथेच अधांतरी थांबला. मग सूर हळूच खाली आला आणि पुढची ओळ सुरू झाली. सबुरीनं गाण्याचे सगळे कच्चे खर्डे ऐकले होते. ही जागा एकातही नव्हती.

संगीतकार खुर्चीत बसला. त्याचा हात आपसूक गुडघ्यावर गेला होता.

"ती जागा मला सुचली होती," तो म्हणाला. "दर वेळी सुचायची. पण तिथे आलो की छातीत धस्स व्हायचं, म्हणून मी ती कधी वाजवलीच नाही. कुणालाच ऐकवली नाही."

"धस्स होणारच," आई म्हणाल्या. "तिथे मी चिकटलेली पट्टी ओढायचे. सूर वर गेला की पोरं श्वास धरायची. तेवढ्यात काम व्हायचं."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. चेहरा त्याला आठवला की नाही कोण जाणे. त्यानं हलकेच "सिस्टर?" एवढंच विचारलं. आईंनीही उगाच ओळख दाखवली नाही. किती पोरं येऊन गेली, सगळ्यांचे चेहरे कुठे लक्षात राहतात, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग त्याच्या पायाची चौकशी केली, जिना चढताना दुखतं का ते विचारलं, आणि थंडीत गुडघा झाकून ठेवायला बजावलं.

काकांना मात्र आता खरा घाम फुटला होता. सिनेमाच्या प्रती थिएटरांकडे रवाना झाल्या होत्या, श्रेयनामावलीत संगीतकाराचं एकट्याचं नाव होतं आणि ते शुक्रवारच्या आत बदलणं शक्य नव्हतं. बाई उद्या उलटल्या तर? आपला गाण्यावर काही दावा नाही अशी कागदावर सही द्यायची आईंनी तयारी दाखवली. संगीतकारानं तो कागद नको म्हटलं. नाव पडद्यावर येईल तेव्हा येईल, तोवर मी माझ्या तोंडानं सांगतो, म्हणाला.

तिसरा टीझर दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रित झाला. आई कॅमेऱ्यासमोर बसल्या नाहीत. संगीतकारानं एकट्यानंच सांगितलं, की ही चाल माझी आहे असं मी समजत होतो, ती मला पट्टी बदलणाऱ्या एका सिस्टरनं दिली होती. त्यानं आईंचं पूर्ण नाव घेतलं. मग ती थांबायची जागा गुणगुणली, आणि टीझर तिथेच, वर चढलेल्या सुरावर, तोडला. तुकडा कुठे तोडायचा हे या वेळी सबुरीला ठरवावं लागलं नाही.

तो बाहेर पडेपर्यंतचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. ठरल्या दिवशी नवं काहीच आलं नाही म्हणताना थिएटरवाल्यांनी काकांना फोन केले, सिनेमा पुढे ढकलला का म्हणून. काकांनी प्रत्येक फोन मुद्दाम तिच्यासमोर घेतला.

टीझर आला आणि गाजला, पण तिला वाटलं होतं तसा नाही. पुष्कळांना रडू आलं. तेवढ्याच जणांनी लिहिलं की ही जाहिरातीसाठी रचलेली भाकडकथा आहे, अशी सिस्टर बिस्टर कुणी नाही. ते वाचून सबुरीचं डोकं तापलं. उत्तर द्यावं म्हणून तिनं आईंचा एक फोटोही निवडला. आईंनी तो लावू दिला नाही. ज्यांना पट्टी बांधली ती पोरं मला ओळखतात, बाकीच्यांनी कशाला ओळखायला हवं, एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

थिएटरवाल्यांनी दुपारचे खेळ दिले, संध्याकाळचे परभाषेतल्या सिनेमाला ठेवले. काकांनी तेही गोड मानून घेतलं.

शुक्रवारी सबुरी आईंना घेऊन पहिल्याच खेळाला गेली. सभागृह अर्ध्याहून थोडं जास्त भरलं होतं. गाणं सुरू झालं तेव्हा तिनं पडद्याकडे बघायचं सोडून आईंकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, वॉर्डात डॉक्टर राउंडला आल्यासारख्या. शेवटी नावं वर सरकू लागली. संगीताच्या जागी एकच नाव आलं आणि निघूनही गेलं. येणार नाही हे ठाऊक असूनही सबुरी दुसरं नाव शोधत राहिली.

मागच्या रांगेतून काका पुढे वाकले. बदललेली नामावली कामाला लावलीय, पुढच्या आठवड्याच्या प्रतींत नाव येईल, असं त्यांनी पुटपुटत सांगितलं. मग थोडं थांबून, जरा अवघडून, आईंना विचारलं, "सिनेमा कसा वाटला?"

"चांगला आहे," आई म्हणाल्या. "मधे जरा लांबलाय."

काका हसावं की नाही या विचारात तसेच वाकून राहिले. सबुरीनं आईंची पिशवी घेतली, आणि पायऱ्यांवर अंधार होता म्हणून त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत तिनं तो कधी धरला नव्हता. आईंनी तो सोडवून घेतला नाही.