उझमा शेखची सात ओळींची मेल

हिरवाई रिसॉर्टचा मॅनेजर आदिनाथ कुणावरच विश्वास ठेवत नव्हता. स्विमिंग पूलमधलं पाणी कमी झालं तर तो आधी पाहुण्यांच्या पिशव्यांकडे बघायचा. कुरवंडे गावाच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत असं रिसॉर्ट सांभाळायचं म्हणजे डोळे उघडे ठेवावेच लागतात, असं त्याचं म्हणणं.

पाहुण्यांशी बोलायला, त्यांची सोय बघायला एक माणूस हवा होता, तशी जाहिरात टाकली होती. अर्जांचा ढीग आला. एचआर आणि अकाउंट्स दोन्ही बघणारी अनघा एकेक मेल उघडून वाचत होती आणि आदिनाथ टेबलावर बोटं वाजवत ऐकत होता.

"हा बघा, याने अख्खा रेझ्युमे मेलमध्ये परत टाईप केलाय. दहावीच्या मार्कांसकट."

"चांगलंय. प्रामाणिक वाटतो."

"याने लिहिलंय, 'लहानपणापासून तुमच्या संस्थेत काम करायचं माझं स्वप्न होतं.'"

"आपलं रिसॉर्ट होऊन चार वर्षं झाली."

"हो. मुलगा चोवीसचा आहे." अनघा पुढे गेली. "या एकाने 'प्रिय कंपनीचे नाव येथे लिहा' असंच ठेवलंय. मशीनकडून लिहून घेतलं आणि पुसायचं विसरला. आणि ही, उझमा शेख. सात ओळी आहेत."

"सातच?" आदिनाथची बोटं थांबली. "बाकीचं काय लपवलंय?"

मेल इंग्रजीत होती. अनघाने मराठीत करून वाचली. विषयाच्या जागी पदाचं नाव आणि तिचं नाव. मग मजकूर:

"आदिनाथ सर, नमस्कार. गेस्ट रिलेशन्सच्या जागेसाठी अर्ज करते आहे. शिक्षण आणि अनुभव सोबतच्या रेझ्युमेत आहे, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

मी कुरवंड्यात राहते. शनिवारी तुमचे बरेच पाहुणे मॅप बघत आमच्या शेजारच्या गोठ्यात येऊन थांबतात आणि मी त्यांना तुमची वाट दाखवते. जास्त करून ते दोनच गोष्टी विचारतात: उशीर झाला तर जेवण मिळेल का, आणि लहान मुलाला गरम दूध मिळेल का.

मॅपवरची तुमची खूण त्या गोठ्यावर आहे, ती तुमच्याच खात्यातून हलवता येईल. बुकिंग झाल्याबरोबर वळणाचा फोटो आणि या दोन प्रश्नांची उत्तरं पाठवली तर माणसं चिडून येणार नाहीत. हे मी पहिल्या दिवशी करू शकते. भेटायला कधीही येईन."

खाली नाव आणि फोन नंबर. रेझ्युमे पीडीएफ करून जोडलेला, फाईललाही तिचंच नाव.

"मला आवडली," अनघा म्हणाली.

"मला पण आवडली असती," आदिनाथ म्हणाला, "डोकं नसतं तर." त्याने रेझ्युमे आणि मेल शेजारी शेजारी उघडून घेतले. "बघा. रेझ्युमेत जे आहे ते मेलमध्ये नाही. मेलमध्ये जे आहे ते रेझ्युमेत नाही. ही दोन वेगळी माणसं आहेत."

"सर, तसंच असायला पाहिजे. रेझ्युमे आपण वाचणारच आहोत. मेलमध्ये नवीन काहीतरी पाहिजे ना."

"नवीन काहीतरी! आपले पाहुणे गोठ्यात जातात हे हिला माहीत, आणि मला माहीत नाही? मी चार वर्षं इथं बसलोय."

"पाहुणे तक्रार तर करतात, सर. रस्ता सापडत नाही म्हणून."

"मुंबईची माणसं ती. त्यांना लिफ्टमध्ये पण रस्ता सापडत नाही." तो खुर्चीतून उठला. "सरळ आहे हो. हिनेच खूण हलवली. आधी पाहुणे पळवायचे, मग 'मी आणून देते' म्हणायचं. पत्ता बघा ना, कुरवंडे. गोठ्याच्या शेजारी. हा कट आहे."

"कटात कुणी स्वतःचा फोन नंबर देतं का?"

"तीच तर हुशारी."

अनघाने लॅपटॉप मिटला. "मग आपण मॅप लावून जाऊन बघू. कट असेल तर समोर येईल."

आदिनाथला ते पटलं, कारण रंगेहाथ पकडायला त्याला फार आवडायचं.

दोघं त्याच्या गाडीतून निघाले. आधी खाली हायवेपर्यंत गेले आणि पाहुण्यांसारखे परत वर आले. मोबाईलमधली बाई गोड आवाजात डावीकडे वळा म्हणाली. रिसॉर्टची पाटी उजवीकडे होती आणि तिच्यावर करवंदीची जाळी चढलेली.

"बाई डावीकडे म्हणते," अनघा म्हणाली.

"ऐकतोय मी. कुणीतरी तिला शिकवलंय."

रस्ता अरुंद झाला. मग दगडाचा झाला. मग रस्ता असल्याची नुसती आशा उरली. शेवटी एक शेणाने सारवलेलं अंगण आलं, त्यात एक म्हैस, आणि बाई म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात.

आदिनाथने गाडी थांबवली. थांबवली म्हणजे, चाक उकिरड्यात गेलं आणि ती आपणहून थांबली. म्हैस जवळ आली आणि तिने बाजूचा आरसा चाटायला घेतला, अगदी रोजच्यासारखा.

गोठ्यातून त्याचे मालक मारुती आबा बाहेर आले. हातात तांब्या, खांद्यावर धुतलेली चादर.

"या, या. रूम बुक हाय का तुमची?"

आदिनाथने अनघाकडे बघितलं. चेहऱ्यावर विजय होता. "बघा. रूम विचारतोय. धंदा चालवलाय यांनी."

"कसला धंदा, सायेब," आबा म्हणाले. "सगळी हितंच येत्यात. आता नगं म्हनून हाकलून द्यायचं का? ताक देतो, बसवतो, मंग शेजारची उझमा येती आन् वाट दाखवती. ती न्हाई घावली तर मी म्हशीमागनं जातो तसा गाडीमागनं जातो. मागल्या टायमाला एक जोडपं तर लय दमलं व्हतं. म्हनलं जावा की रिसॉर्टला. म्हनले, हेच रिसॉर्ट नव्हं का. झोपले बाजंवर. सकाळी पिठलं-भाकर खाल्ली, म्हशीसंगं फोटू काढलं आन् गेले."

अनघाला एकदम ठसका लागला. "सर, तो रिव्ह्यू. 'अतिशय अस्सल अनुभव. पूल सापडला नाही, पण म्हैस प्रेमळ आहे.' पाच स्टार. तुम्ही तो प्रिंट काढून रिसेप्शनला लावलाय."

आदिनाथने गॉगल नाकावर नीट बसवला. त्या रिव्ह्यूच्या जोरावर त्याची पगारवाढ झाली होती. तो आबांकडे वळला.

"आबा, खरं सांगा. ही खूण इथं कुणी लावली? त्या उझमाने?"

"कसली खून?"

"मोबाईलवर. जागेची. असा मोबाईल धरून, इथं उभं राहून कुणी काहीतरी केलं असणार."

आबांनी डोळे बारीक केले. आदिनाथच्या बुटांपासून सुरुवात करून वर डोक्यापर्यंत बघितलं.

"तुमी गॉगल काढा जरा."

आदिनाथने काढला.

"तुमीच की हो ते. तुमचं बांधकाम चाललं व्हतं तवा. तुमच्याकडं रेंज न्हवती, म्हनून हितं आलता. माझ्या गव्हानीवर चढला व्हता, असा हात वर करून. म्हनलं सायेब, पडाल. तर म्हनले, थांबा, लोकेशन घेतोय. म्हशीचा चारा तुडवला व्हता तुमी."

म्हैस आरसा चाटत राहिली.

"तेव्हा इथंच रेंजच्या दोन काड्या मिळत होत्या," आदिनाथ शेवटी म्हणाला.

"आमाला काय ठावं. बसा, ताक घ्या. गाडी काढायला उझमाच्या बापाला बोलवतो, त्याचा टेम्पो हाय."

उझमाच्या वडिलांनी, नसीरभाईंनी, टेम्पोला दोर बांधून गाडी बाहेर ओढली. दोर बांधताना ते म्हणाले, "साहेब, पोरगीने अर्ज केलाय तुमच्याकडे. झाली तर घरून चालत जाईल. तळेगावच्या हॉटेलात होती, शेवटची बस चुकली की मी टेम्पो घेऊन जायचो. बघा जमलं तर." मग त्यांना वाटलं असावं की गाडी ओढून देताना हे बोलणं बरं दिसत नाही, म्हणून ते दोराची गाठ पुन्हा ओढून बघायला लागले.

परतताना आदिनाथचा संशय मेला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. आता त्याला एकच प्रश्न होता: त्या मुलीला हे माहीत आहे का?

दुसऱ्या दिवशी उझमा मुलाखतीला आली. अनघाने शिफ्टबद्दल विचारलं, भांडखोर पाहुण्याचं काय करशील विचारलं. उझमा म्हणाली, आधी त्याला बसायला देईन, उभा माणूस जास्त भांडतो. आदिनाथ तोवर तिच्याकडे पापणी न हलवता बघत होता.

"खूण कुणी चुकवली, ते माहीत होतं तुम्हाला?"

"हो सर. आबा प्रत्येक गाडीला सांगतात. गव्हाणीवर चढून दाखवतात पण."

अनघाने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि खाली ठेवला नाही.

"मग मेलमध्ये का नाही लिहिलं?"

"त्याचा कामाशी काय संबंध, सर? मी काय करू शकते ते सांगायचं होतं. चूक कुणाची ते लिहून मेल नुसती लांबली असती."

"म्हणजे हे तुम्ही राखून ठेवलंत. माझ्यावर दबाव म्हणून."

"राखून ठेवलं असतं तर आत्ता सांगितलं नसतं."

आदिनाथने तिला बाहेर बसायला सांगितलं. नवीन माणूस घ्यायचा तर पुण्याला मालकीणबाईंची, राजेश्वरी मॅडमची परवानगी लागायची. त्यांना मेल लिहायची होती आणि खाली उझमाचा अर्ज जोडायचा होता.

तो लिहायला बसला. मावळातल्या पर्यटनाची बदलती दिशा, डोंगराळ भागातलं नेटवर्क, उपग्रहांच्या मर्यादा, बांधकामाच्या काळातली धावपळ. दोन पानं झाली आणि त्यात उझमाचं नाव अजून आलं नव्हतं.

"सर," मागून वाचणारी अनघा म्हणाली, "मॅडम हे वाचून तुम्हालाच मुलाखतीला बोलावतील."

"मग काय लिहू?"

"त्यांना आधीच माहीत नाही तेवढंच."

तो कुरकुरत एकेक परिच्छेद खोडत गेला. उपग्रह गेले. नेटवर्क गेलं. शेवटी उरलं ते असं: उझमा शेख यांना घ्यावं असं वाटतं. त्यांचा अर्ज खाली आहे. त्यांनी दाखवलेली चूक आम्ही जागेवर जाऊन तपासली, खरी आहे, खूण आजच दुरुस्त करतो आहोत.

बटण दाबण्याआधी त्याने मेल पुन्हा एकदा वाचली. इतकी छोटी मेल त्याने आयुष्यात पाठवली नव्हती, उघडं पडल्यासारखं वाटत होतं.

चहा येईपर्यंत उत्तर आलं. "घ्या. सोमवारपासून येऊ दे. पण खूण चुकीची लावली कुणी?"

आदिनाथने दोनदा वाचलं. मग अनघाकडे संशयाने बघितलं, दाराकडे बघितलं, आणि उझमाला आत बोलावलं.

"सोमवारपासून या," तो म्हणाला. ती थँक्यू म्हणेपर्यंत त्याने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "आणि हे बघा. याला काय उत्तर द्यायचं? कॉन्ट्रॅक्टरने म्हणू? का जुन्या रिसेप्शनिस्टने?"

उझमाने वाचलं. घरी अब्बांना फोन करायची तिला घाई झाली होती, ते लपत नव्हतं.

"छोटंच लिहा, सर."

"किती छोटं?"

"'मी.'"

आदिनाथने लॅपटॉप परत आपल्याकडे फिरवला. मग त्याने ते एक अक्षर टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं आणि विचारलं, "पुढे 'रेंज नव्हती' एवढं तरी जोडू का?"

"जोडा," अनघा म्हणाली. "पण गव्हाणीचं नको."