घुमटाचं बिल

वहिनींनी पत्र तीनदा लिहिलं. पहिलं इतकं नरम झालं की आपणच पैसे बुडवलेत असं वाटावं. दुसरं वाचून त्यांच्या नवऱ्याला घाम फुटला. वेधशाळेतली एवढी शिकलेली माणसं, त्यांच्यामागे तगादा कसा लावायचा, असं त्याचं म्हणणं. पण लोखंडाच्या व्यापाऱ्याने त्यांच्या कारखान्याची उधारी बंद केली होती. सोमवारपर्यंत त्याचे पैसे गेले नाहीत, तर पुढच्या कामाचा माल मिळणार नव्हता आणि ते काम हातचं जाणार होतं.

तिसऱ्या पत्रात त्यांनी शेलके शब्द काढून टाकले. दुर्बिणीच्या फिरत्या घुमटाचं शेवटचं बिल, त्याचा क्रमांक, तारीख, रक्कम; मुदत उलटून साठ दिवस झाले. रक्कम सोमवारच्या आत जमा करावी. अडचण असल्यास कोणत्या तारखेला भरणार ते लेखी कळवावे. रक्कम आधीच भरली असल्यास या पत्राकडे दुर्लक्ष करावे. खाली बँकेचा तपशील. पत्र मेलने पाठवलं आणि छापील प्रतीवर पोच घ्यायला त्या स्वतः वेधशाळेत निघाल्या.

वेधशाळेच्या हिशेबनिसाने पत्र शांतपणे वाचलं, पोचेचा शिक्का मारला आणि फाइल उघडली. बिल होतं, पण त्याला काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडलेला नव्हता. दाखल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही, असं तो म्हणाला. त्याने तो साइटवरच्या माणसाकडे दोनदा मागितलाही होता.

साइटवरचा माणूस म्हणजे वहिनींचा धाकटा दीर. कारखान्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. सही घेऊन देतो म्हणाला होता, आणि त्या भरवशावर वहिनींनी बिल पाठवून दिलं होतं.

"ते वरच आहेत," हिशेबनीस म्हणाला. "दर रविवारी येतात. आज मधल्या वारी आले."

रविवारी मिलिमीटर मित्राकडे जातो, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. वहिनी तावातावाने जिना चढल्या.

वर अंधार होता. घुमटाच्या कडेला, चाकांपाशी, मिलिमीटर पालथा पडला होता. वेधशाळेच्या प्रमुख बाई टॉर्च धरून त्याच्याजवळ बसल्या होत्या, एखाद्या हाताखालच्या माणसासारख्या.

"भाऊजी, दाखला कुठे आहे?"

"पिशवीत," तो मान न वळवता म्हणाला. "घुमट एका जागी अडखळत होता, वहिनी. केसाएवढा. सही कशी घेणार? आता बघा."

त्याने बटण दाबलं. कित्येक टनांचं ते छप्पर डोक्यावरून फिरू लागलं. वहिनींनी कान टवकारले. काहीच ऐकू आलं नाही. जणू छप्पर जागीच होतं आणि फिरत होत्या त्या स्वतः. मग झडप उघडली आणि भर दुपारचं आकाश पट्टीसारखं आत आलं.

बाईंनी दुर्बीण सूर्यापासून दूर वळवली आणि वहिनींना डोळा लावायला सांगितलं. निळ्या उजेडात एक पांढरी, बारीक कोर उभी होती.

"चंद्र?"

"शुक्र," बाई म्हणाल्या. "दिवसाही असतो तिथे."

वहिनी बराच वेळ हलल्या नाहीत. ही कोर आपल्याच कारखान्यात बनलेल्या घुमटाच्या फटीतून दिसतेय, हे त्यांना खरं वाटेना. बिलात त्यांनी त्याला 'फिरते छप्पर, नग एक' म्हटलं होतं.

बाईंनी पेन काढलं आणि तारीख कोणती घालू ते विचारलं. हवी तर तीन महिन्यांपूर्वीची घालते म्हणाल्या. मिलिमीटरने आजचीच म्हटलं. काम आज पुरं झालं. वहिनींनी मनात हिशेब केला. आजची तारीख पडली की तीस दिवसांची मुदत आजपासून, आणि सोमवार गेला.

"आजचीच घाला," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही दुर्बीण कधीपासून वापरताय, तेही लिहा. जे खरं असेल ते."

बाईंनी लिहिलं: घुमट उभारल्या दिवसापासून रोज वापरात, शेवटची जुळवणी आज पूर्ण. खाली सही केली.

हिशेबनिसाने दाखला वाचला आणि करार काढून एका कलमावर बोट ठेवलं. माल वापरात घेतला की तो स्वीकारला असं धरायचं, मुदत त्या दिवसापासून.

"म्हणजे उशीर आमचाच. शुक्रवारी पैसे सोडायच्या यादीत घालतो."

"तेवढं लिहून द्या," वहिनी म्हणाल्या. त्याने हसून लिहून दिलं.

बाहेर पटांगणात नवऱ्याचा फोन आला. शुक्रवारी पैसे येतायत, व्यापाऱ्याला सांग, एवढं त्या बोलल्या. आणखी काय झालं, हे त्याने विचारलं तेव्हा घरी आल्यावर सांगते म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या मान वर करून निळ्या आकाशात शुक्राची जागा शोधत राहिल्या. काही दिसत नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काही हरवलंय का विचारलं, आणि मग तोही शेजारी येऊन वर बघू लागला.