तीन कणांचं गणित

पक्षाघातातून सावरलेल्या अनिरुद्ध सरांना सोमवारी बिबवेवाडीच्या क्लासवर परत शिकवायला जायचं होतं. म्हणून त्यांची मुलगी ऋतिका, जी स्वतःही रसायनशास्त्र शिकलेली होती, त्यांनीच पूर्वी काढलेला पेपर घेऊन बसली.

"बापाची परीक्षा घेतेस? घे, निकाल तेवढा वेळेवर लाव."

पहिलं गणित ऑस्मोटिक प्रेशरचं होतं. "युरिया पाण्यात फुटत नाही, म्हणून गुणक एक," म्हणत त्यांनी ते अचूक सोडवलं. ऋतिकाचा जीव भांड्यात पडला.

दुसरं उत्कलनबिंदूच्या वाढीचं. ०.१ मोलल कॅल्शियम क्लोराइड, पूर्ण विघटन, Kb ०.५२. सरांनी ०.१०४ या पर्यायावर खूण केली.

तो सापळा त्यांनीच लावलेला, दोन क्लोराइड एकच धरणाऱ्या पोरांसाठी. "कण मोजा रे, वेंधळ्यांनो!" असं वीस वर्षं ओरडले होते ते. कॅल्शियमचा एक, क्लोराइडचे दोन, असे तीन कण; उत्तर होतं ०.१५६.

"बाबा, कण पुन्हा मोजता?"

त्यांनी बोटं उघडली. "कॅल्शियम एक, क्लोराइड एक. दोन."

मग त्यांनी लेकीचे भरलेले डोळे पाहिले. बोटं हळूच मिटली, पेनाला टोपण लावलं.

"सोमवारी शिकवायला तूच जा गं. पोरांना सांग, घाई करू नका."